पोहोचलेले, पण न स्वीकारलेले डेटाग्राम : यूडीपी चेकसममध्ये पत्ते का धरले जातात, याचा एक प्रकरण अभ्यास

परिस्थिती

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरी विणणारा एक कारखाना आहे. तेथील प्रत्येक यंत्रमागावर एक लहान मोजणी-यंत्र बसवलेले आहे. पाळी सुरू झाल्यापासून मागावर किती आडवे धागे पडले, हे ते मोजते आणि तो आकडा ठरावीक वेळाने कार्यालयातील सर्व्हरकडे यूडीपी या, पोच न मागता सुटी पाकिटे पाठवणाऱ्या प्रोटोकॉलने पाठवते. कामगारांची मजुरी याच आकड्यावरून काढली जाते, त्यामुळे आकडा न येणे आणि चुकीचा येणे या दोन्ही गोष्टींचा थेट परिणाम आठवड्याच्या हिशेबावर होतो.

मागांच्या शेडमधले नेटवर्क `192.168.10.0/24` असे होते आणि कार्यालयातले `192.168.1.0/24`. दोहोंच्या मध्ये दोन इथरनेट जोडण्या असलेला एक लहान गेटवे होता व त्यावरचा प्रोग्रॅम एका स्थानिक कंत्राटदाराने लिहिला होता. सर्व्हरच्या फायरवॉलमधून फक्त कार्यालयाच्या नेटवर्कमधल्या पत्त्यांना प्रवेश होता. म्हणून हा गेटवे मागांकडून आलेल्या प्रत्येक डेटाग्रामचा, म्हणजे यूडीपीच्या पाकिटाचा, स्रोत-पत्ता बदलून त्या जागी स्वतःचा `192.168.1.9` हा पत्ता घालत असे आणि मगच डेटाग्राम पुढे पाठवत असे. पोर्ट क्रमांकांना तो हात लावत नसे. वाहतूक एकाच दिशेची होती आणि कोणत्या मागाचा आकडा आहे हे मजकुरातच लिहिलेले असे, त्यामुळे एवढा साधा बदल पुरेसा आहे असे गृहीत धरले गेले होते.

जुनी मोजणी-यंत्रे या व्यवस्थेत बराच काळ सुरळीत चालली. कारखान्याने नवीन यंत्रे बसवली तेव्हा मात्र त्यांच्यापैकी एकाचाही आकडा सर्व्हरवरील प्रोग्रॅमपर्यंत पोहोचेना. अधूनमधून एखादा आकडा गळतो आहे असे नव्हते, तर नव्या यंत्रांचे सगळे आकडे बेपत्ता होते आणि त्याच गेटवेतून जाणारे जुन्या यंत्रांचे सगळे आकडे व्यवस्थित येत होते. हा फरक तपासात फार उपयोगी ठरला, कारण तार, स्विच, वीजपुरवठा किंवा शेडमधली उष्णता यांपैकी कोणतेही कारण यंत्राचे वय पाहून आकडे अडवणार नाही.

काय तपासले आणि त्यातून काय वगळता आले

शेडमध्ये लॅपटॉप लावून सर्व्हरला पिंग केले, तेव्हा विनंत्या सर्व्हरपर्यंत जात होत्या आणि सर्व्हरकडून उत्तरेही निघत होती. यावरून नेटवर्क ठीक आहे, असा निष्कर्ष कंत्राटदाराने काढला होता. तो अर्धाच बरोबर होता, आणि त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

सर्व्हरवर `tcpdump` चालवल्यावर नव्या यंत्रांचे डेटाग्राम येताना दिसले. हे साधन पाकीट फायरवॉलपर्यंत किंवा कर्नलच्या यूडीपी भागापर्यंत जाण्यापूर्वीच त्याची प्रत घेते, म्हणून त्यात दिसलेला डेटाग्राम यंत्राच्या दारापर्यंत आला एवढेच सिद्ध होते. फायरवॉलचे नियम आणि त्यांचे मोजक पाहिले, तेव्हा तेथे काहीही अडवले जात नव्हते. बिघाड फक्त चुकीच्या पोर्टचा असता, तर त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही असा आयसीएमपी संदेश सर्व्हरने परत पाठवला असता. तसा एकही संदेश निघत नव्हता. डेटाग्राम आत येत होता आणि कोणालाही न कळवता नाहीसा होत होता. लिनक्समध्ये अशा शांत नकाराची नोंद एका मोजकात होते:

```
nstat -az UdpInCsumErrors
```

नव्या यंत्रांपैकी एक चालू ठेवून हा मोजक पुन्हा पुन्हा पाहिला असता, येणाऱ्या प्रत्येक डेटाग्रामबरोबर तो एकाने वाढत होता. चेकसम, म्हणजे पडताळणीसाठी डेटाग्रामसोबत पाठवलेला बेरजेचा आकडा, जुळत नसल्यामुळे कर्नल डेटाग्राम टाकून देत होता. यूडीपीमध्ये अशा वेळी पाठवणाऱ्याला काहीही कळवले जात नाही.

त्यानंतर `tcpdump` जास्त तपशील दाखवण्याच्या पद्धतीने चालवले. एकविसाव्या मागाची ओळ अशी होती:

```
sudo tcpdump -ni eth0 -vv -x udp port 7100

192.168.1.9.5005 > 192.168.1.50.7100:
  [bad udp cksum 0x5e13 -> 0x671f!] UDP, length 8
```

हे आकडे सोळाच्या पायावर लिहिलेले आहेत. डेटाग्राममध्ये आलेला चेकसम `5e13` होता, आणि सर्व्हरवर पोहोचलेल्या स्थितीत तो `671f` असायला हवा होता. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाठवणाऱ्या यंत्रावरच `tcpdump` चालवले तर निर्दोष डेटाग्रामचा चेकसमही अनेकदा चुकीचा दिसतो, कारण चेकसम काढण्याचे काम नेटवर्क कार्डावर सोपवलेले असते आणि प्रत घेतली जाते त्या क्षणी ते झालेलेच नसते. म्हणून ही नोंद पुरावा म्हणून धरायची असेल तर ती स्वीकारणाऱ्या बाजूला घेतलेली असावी लागते. येथे ती तशीच घेतलेली होती.

हेडरमधली चार क्षेत्रे

यूडीपीचे मूळ वर्णन आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतील ७६८ क्रमांकाच्या दस्तऐवजात आहे. जॉन पोस्टेल यांनी तो ऑगस्ट १९८० मध्ये लिहिला आणि त्याची लांबी अवघी तीन पाने आहे. हेडर केवळ ८ बाइटचे असते आणि त्यात प्रत्येकी १६ बिटांची चार क्षेत्रे येतात. आपल्या डेटाग्रामचे हेडर आणि त्यामागचा मजकूर तारेवर असा होता:

```
138d 1bbc 0010 5e13   4c32 313d 3034 3836
```

पहिला शब्द `138d` म्हणजे स्रोत पोर्ट ५००५ आणि दुसरा `1bbc` म्हणजे गंतव्य पोर्ट ७१००. तिसरा `0010` म्हणजे लांबी १६, ज्यात हेडरचे ८ आणि मजकुराचे ८ बाइट मोजलेले आहेत. हेडर स्वतःच ८ बाइटचे असल्याने ही लांबी ८ पेक्षा कमी असू शकत नाही. चौथा शब्द चेकसम. पुढचे चार शब्द म्हणजे `L21=0486` हा मजकूर. त्याचा अर्थ एकविसाव्या मागावर ४८६ शेकडे, म्हणजे ४८,६०० आडवे धागे पडले.

या हेडरमध्ये काय नाही, ते या प्रकरणात अधिक महत्त्वाचे आहे. त्यात कोणाचाही पत्ता नाही. स्रोत आणि गंतव्य यांचे आयपी पत्ते त्याच्या बाहेरच्या आयपी हेडरमध्ये असतात. यूडीपीला फक्त पोर्ट ठाऊक असतात, आणि पोर्ट क्रमांक एका यंत्राच्या आतच अर्थपूर्ण असतो. शुक्रवार पेठेत आणि मंगळवार पेठेत एकाच क्रमांकाचे घर असावे, तसे ७१०० हे पोर्ट कार्यालयातल्या प्रत्येक यंत्रावर असू शकते. या कारखान्यात तर ते खरोखरच दोन ठिकाणी होते, कारण `192.168.1.51` या पत्त्यावर चाचणीसाठी ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रावर तोच प्रोग्रॅम त्याच पोर्टवर ऐकत होता.

चेकसम कशाकशाचा काढला जातो

चेकसम केवळ हेडर आणि मजकूर यांचा असता, तर या कारखान्यात काहीच अडले नसते, कारण गेटवेने त्या दोहोंमधला एकही बिट बदललेला नव्हता. परंतु आरएफसी ७६८ नुसार चेकसम काढण्यापूर्वी डेटाग्रामच्या पुढे १२ बाइटचे एक स्यूडो हेडर आहे असे मानायचे असते. हे हेडर तारेवर कधीच जात नाही. पाठवणारा ते आपल्या जवळच्या माहितीवरून रचतो, हिशेबात धरतो आणि सोडून देतो. स्वीकारणारा ते आलेल्या आयपी हेडरवरून पुन्हा रचतो. त्यात स्रोत पत्ता, गंतव्य पत्ता, एक शून्य बाइट, प्रोटोकॉल क्रमांक (यूडीपीसाठी १७) आणि यूडीपीची लांबी एवढे असते.

या सर्वांचे १६ बिटांचे शब्द करून ते एकमेकांत मिळवायचे आणि वर आलेला हातचा प्रत्येक वेळी खालच्या टोकाला परत मिळवायचा. शेवटी बेरजेतला प्रत्येक बिट उलटा करायचा, आणि जो आकडा मिळेल तो चेकसम. एकविसाव्या मागावरच्या यंत्राने केलेला हिशेब असा होता:

```
c0a8 0a15    स्रोत    192.168.10.21
c0a8 0132    गंतव्य   192.168.1.50
0011 0010    प्रोटोकॉल 17, लांबी 16
138d 1bbc 0010          यूडीपी हेडर
4c32 313d 3034 3836     मजकूर
बेरीज a1ec, उलट केल्यावर 5e13
```

यंत्राने काढलेला `5e13` पूर्णपणे बरोबर होता. मात्र तो `192.168.10.21` या स्रोत-पत्त्यासाठी बरोबर होता. गेटवेने आयपी हेडरमध्ये `0a15` च्या जागी `0109` लिहिले, आयपी हेडरचा स्वतंत्र चेकसम नव्याने काढला आणि यूडीपीचा चेकसम होता तसाच पुढे पाठवला. सर्व्हरने स्यूडो हेडर रचले ते नव्या पत्त्यावरून. त्याची बेरीज `98e0` आली, तिच्यावरून चेकसम `671f` ठरला आणि `5e13` शी तो जुळला नाही.

आता दोन्ही चेकसममधला फरक पाहावा. `671f` मधून `5e13` वजा केले की `090c` उरतात. `0a15` मधून `0109` वजा केले तरी नेमके तेवढेच उरतात. साध्या अंकांत सांगायचे तर `10.21` आणि `1.9` यांच्यात पहिल्या जागी ९ चा व दुसऱ्या जागी १२ चा फरक आहे, आणि `09` व `0c` हे तेच दोन अंक आहेत. मजकूर बदलून `L21=0487` झाला तेव्हा आलेला आणि अपेक्षित असे दोन्ही चेकसम एकेकाने कमी झाले, पण त्यांच्यातला फरक `090c` च राहिला. बाविसाव्या मागाच्या यंत्राचा पत्ता `192.168.10.22` होता आणि त्याच्या डेटाग्राममध्ये फरक होता `090d`.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती ही खूण. मजकूर वाटेत खराब होत असता तर फरक दर वेळी वेगळा आला असता. येथे तो मजकुरावर अवलंबून नव्हता, प्रत्येक यंत्रासाठी स्थिर होता आणि त्या यंत्राच्या जुन्या व नव्या पत्त्यांमधल्या फरकाइतकाच होता. म्हणजे बिघाड मजकुरात नसून पत्ता बदलण्याच्या कृतीत आहे, हे गेटवेच्या प्रोग्रॅमची एकही ओळ न वाचता ठरवता आले.

आधीचे दोन प्रश्नही येथेच सुटतात. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील आयसीएमपीच्या चेकसममध्ये स्यूडो हेडर नसते, म्हणून पत्ता बदलला तरी पिंगचा चेकसम बरोबरच राहतो आणि सर्व्हर त्याला उत्तर देतो. जुन्या यंत्रांच्या डेटाग्रामकडे पाहिले, तर `tcpdump` त्यांच्यापुढे `[no cksum]` असे लिहीत होते. त्यांच्या चेकसमच्या जागी शून्य होते. शून्याचा अर्थ, पाठवणाऱ्याने चेकसम काढलेलाच नाही. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत ही मुभा आहे आणि असा डेटाग्राम स्वीकारणारा कोणतीही पडताळणी न करता आत घेतो. खरोखर काढलेला चेकसम योगायोगाने शून्य आला तर त्याच्या जागी `ffff` लिहायचे, असा नियम याचसाठी आहे. या बेरजेत `0000` आणि `ffff` ही शून्याचीच दोन रूपे असल्याने त्या बदलाने पडताळणी बिघडत नाही. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत मात्र आयपी हेडरला स्वतःचा चेकसमच नाही, म्हणून तेथे काही बोगद्यांच्या प्रोटोकॉलांचा अपवाद सोडला तर यूडीपीचा चेकसम सक्तीचा आहे.

पत्ते हिशेबात धरण्याचे कारण

कंत्राटदाराचा आक्षेप प्रामाणिक होता. त्याचे म्हणणे असे, की पत्ते आयपी हेडरमध्ये आहेत, त्या हेडरला स्वतःचा चेकसम आहे, तारेवरच्या प्रत्येक इथरनेट फ्रेमला सीआरसी हा ३२ बिटांचा पडताळणीचा आकडा आहे, मग यूडीपीने पुन्हा पत्ते तपासण्याची गरजच काय?

उत्तर शोधायचे तर ही संरक्षणे कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, ते पाहावे लागते. सीआरसी एका जोडणीपुरता असतो. गेटवेने फ्रेम घेतली आणि सीआरसी तपासला की त्याचे काम संपले. फ्रेम बाहेर पडताना नवीन सीआरसी तयार होतो. दरम्यान पाकीट गेटवेच्या स्मृतीत पडून असते आणि तेव्हा सीआरसीचे संरक्षण त्याला नसते. आयपी हेडरचा चेकसमही वाटेत बदलावाच लागतो, कारण प्रत्येक राउटर आयुर्मर्यादेचा आकडा एकाने कमी करतो. या गेटवेसारखा एखादा प्रोग्रॅम तो संपूर्ण नव्याने काढत असेल, तर त्याआधी स्मृतीत पत्त्याचा एखादा बिट उलटला असला तरी नवा चेकसम त्या चुकीच्या पत्त्यालाच जुळवून घेतला जातो.

याच कारखान्यातले उदाहरण घ्यावे. `192.168.1.50` मधला शेवटचा अंक `32` असा साठवलेला असतो आणि `192.168.1.51` मधला `33` असा. दोहोंत एका बिटाचा फरक आहे. तो बिट गेटवेच्या स्मृतीत उलटला तर डेटाग्राम चाचणीच्या यंत्राकडे जाईल. तेथे पोहोचेपर्यंत फ्रेमचा सीआरसी बरोबर असेल आणि आयपी चेकसमही बरोबर असेल. पोर्ट ७१०० वर तेथेही प्रोग्रॅम ऐकत आहे, म्हणून पोर्टही जुळेल. स्यूडो हेडर नसते, तर यूडीपी चेकसमही जुळला असता आणि एकविसाव्या मागाचा आकडा चुकीच्या यंत्रावर निमूटपणे नोंदवला गेला असता. स्यूडो हेडरमुळे तेथील बेरीज एकाने अधिक येते आणि डेटाग्राम टाकून दिला जातो. भलत्याच ठिकाणी गेलेल्या डेटाग्रामपासून संरक्षण, हाच हेतू आरएफसी ७६८ मध्ये नोंदवलेला आहे.

स्यूडो हेडरमध्ये नेमकी एवढीच क्षेत्रे का, हेही यावरून समजते. आयुर्मर्यादा, तुकडे पाडण्याविषयीची क्षेत्रे आणि आयपीचा स्वतःचा चेकसम वाटेत रीतसर बदलू शकतात, त्यामुळे टोकापासून टोकापर्यंत टिकणाऱ्या हिशेबात त्यांना जागा नाही. पाठवणाऱ्याने जे ठरवले आणि स्वीकारणाऱ्याकडे जे तसेच पोहोचले पाहिजे, तेच त्यात घेतले आहे: कोणाकडून, कोणाकडे, कोणत्या प्रोटोकॉलने आणि किती. पत्ता बदलणारा गेटवे ही कल्पना या रचनेनंतरची आहे. म्हणून पत्ता बदलणाऱ्यावर चेकसमही दुरुस्त करण्याची जबाबदारी येते, आणि ती टाळली की चेकसम त्या बदलाला बिघाड समजतो. त्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यात काही चूक नाही, कारण पत्ता खरोखरच बदललेला असतो.

सुचवलेला सोपा उपाय आणि तो का नाकारला

"नव्या यंत्रांचाही चेकसम बंद करून टाकू, साहेब. जुन्यांचा बंदच आहे आणि ती नीट चालतात," असे कंत्राटदाराने सुचवले. हा उपाय लगेच लागू पडला असता, यात शंका नाही.

त्यावर मालकांसमोर एकच उदाहरण ठेवले. `L21=0486` मधला ४ हा अंक `34` असा साठवलेला असतो. त्यातला एक बिट उलटला की `30`, म्हणजे ० हा अंक होतो. आकडा `0086` वाचला जातो आणि ४८,६०० धाग्यांऐवजी ८,६०० धाग्यांची मजुरी निघते. गेटवेच्या आत हे घडले तर सीआरसीला ते कळत नाही, आणि आयपीचा चेकसम मजकूर कधीच तपासत नाही. तेथे पहारा आहे तो फक्त यूडीपी चेकसमचा. मालक म्हणाले, "कामगाराच्या पोटाला चिमटा बसेल असं काही मला नको. वेळ लागला तरी चालेल, पण नीट करा."

दुरुस्ती

नीट करण्याचेही दोन मार्ग होते. पत्ता बदलल्यानंतर संपूर्ण चेकसम नव्याने काढणे हा एक. तो सोपा आहे, पण त्यात एक खोल दोष आहे. गेटवेच्या स्मृतीत मजकूर आधीच बिघडलेला असेल, तर नवा चेकसम त्या बिघडलेल्या मजकुराचा काढला जाईल आणि सर्व्हर तो खरा मानेल. चेकसम बंद ठेवण्यापेक्षा ही स्थिती फारशी चांगली नाही.

दुसरा मार्ग म्हणजे जुन्या चेकसममध्ये फक्त पत्त्याचा फरक मिळवणे. त्याचे सूत्र १९९४ च्या आरएफसी १६२४ मध्ये दिलेले आहे. `HC` हा जुना चेकसम, `HC'` हा नवा चेकसम, `m` हा बदललेला जुना शब्द, `m'` हा नवा शब्द आणि `~` म्हणजे प्रत्येक बिट उलटा करणे:

```
HC' = ~(~HC + ~m + m')
```

आपल्या डेटाग्राममध्ये पत्त्याचा पहिला शब्द `c0a8` दोन्हीकडे सारखाच असल्याने फक्त दुसराच शब्द हिशेबात येतो. `5e13` उलटा केला की `a1ec` आणि `0a15` उलटा केला की `f5ea`. त्यांची बेरीज `197d6`. वरचा हातचा खाली मिळवला की `97d7`. त्यात `0109` मिळवले की `98e0`, आणि तो उलटा केला की `671f`. सर्व्हरला हवा होता तोच आकडा. गेटवेमध्ये घातलेला भाग एवढाच होता:

```
uint16_t fix(uint16_t hc, uint16_t m, uint16_t m2)
{
    uint32_t s = (uint16_t)~hc + (uint16_t)~m + m2;
    s = (s & 0xffff) + (s >> 16);
    s = (s & 0xffff) + (s >> 16);
    return (uint16_t)~s;
}
```

हे फलन वापरणाऱ्या जागी दोन अटी लिहिल्या. आलेला चेकसम शून्य असेल तर त्याला हात लावायचा नाही, नाहीतर जुन्या यंत्रांच्या डेटाग्राममध्ये एक निरर्थक चेकसम तयार होईल आणि सर्व्हर ते टाकून देऊ लागेल. उत्तर शून्य आले तर त्याऐवजी `ffff` लिहायचे, नाहीतर तपासायचा डेटाग्राम न तपासता आत जाईल. गेटवे पोर्टही बदलत असता तर हेच फलन पोर्टच्या शब्दासाठी पुन्हा वापरावे लागले असते, कारण पोर्टही चेकसमच्या हिशेबात असतात.

दुरुस्तीची पडताळणी आणि तिच्या मर्यादा

नवा प्रोग्रॅम चढवल्यावर `tcpdump` मध्ये `[udp sum ok]` दिसू लागले, `UdpInCsumErrors` वाढायचा थांबला आणि आकडे नोंदवले जाऊ लागले. एवढ्यावर थांबणे पुरेसे नव्हते, कारण संपूर्ण चेकसम नव्याने काढला असता तरी नेमके हेच दिसले असते. म्हणून गेटवेची एक चाचणी-प्रत तयार केली. डेटाग्राम आत घेतल्यानंतर आणि पत्ता बदलण्यापूर्वी मजकुरातला तोच एक बिट ती मुद्दाम उलटत असे. सर्व्हरवर ओळ अशी आली:

```
[bad udp cksum 0x671f -> 0x6723!] UDP, length 8
```

मजकुरातला `3034` हा शब्द `3030` झाला होता, म्हणजे ४ ने कमी. अपेक्षित चेकसम तेवढ्यानेच वाढलेला होता, मोजक एकाने पुढे गेला आणि `0086` हा आकडा प्रोग्रॅमपर्यंत पोहोचला नाही. तुलनेसाठी त्याच प्रतीत चेकसम पूर्णपणे नव्याने काढून पाहिला, तेव्हा `[udp sum ok]` आले आणि एकविसाव्या मागाच्या नावे ८,६०० धागे नोंदवले गेले.

या चेकसमच्या आवाक्याबाहेर काय राहते, तेही मालकांना लेखी दिले. ही साधी बेरीज असल्यामुळे शब्दांचा क्रम बदलला तर तिला कळत नाही. मजकुरातले दोन शब्द जागा बदलून बसले, किंवा स्रोत आणि गंतव्य यांच्या पत्त्यांची अदलाबदल झाली, तरी चेकसम तोच राहतो. एका शब्दात वाढ आणि दुसऱ्यात तेवढीच घट झाली तर तीही लपून जाते. जाणूनबुजून आकडा बदलणाऱ्याला तर तो मुळीच अडवत नाही, कारण तो नवा चेकसमही काढू शकतो. टाकून दिलेला डेटाग्राम यूडीपी पुन्हा मागवत नाही, हीदेखील एक मर्यादा आहे. या कारखान्यात पुढच्या डेटाग्राममध्ये पाळीच्या सुरुवातीपासूनचा एकूण आकडा पुन्हा येतो, त्यामुळे एखादा गळाला तरी हिशेब सावरतो. प्रत्येक डेटाग्राममध्ये फक्त वाढलेले धागे पाठवले जात असते, तर तीच गळती कायमची ठरली असती.

जुन्या यंत्रांचे डेटाग्राम अजूनही शून्य चेकसम घेऊन येत होते आणि सर्व्हर ते न तपासता स्वीकारत होता. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये चेकसम काढण्याची सोय होती, पण ती बंद ठेवलेली होती. देखभालीसाठी माग थांबतील त्या वेळी ती एकेक करून सुरू करायची, आणि सर्व्हरवरच्या `tcpdump` मध्ये त्या यंत्राच्या ओळीतले `[no cksum]` जाऊन `[udp sum ok]` आल्याशिवाय त्या मागाचे काम पूर्ण झाले असे मानायचे नाही, असे मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरना सांगून ठेवले आहे.